लेदर बुटांना वॅक्स की स्प्रे?
मागच्या पावसाळ्यात हरिहर गडावर जायच्या आधी मी एका बुटाला मेणाचं वॅक्स लावलं आणि दुसऱ्याला पाण्याच्या बेसचा वॉटरप्रूफिंग स्प्रे मारला, बायको म्हणाली वेडा झालायस. वॅक्सवाल्यात पाणी शिरलंच नाही, पण मी ते थापलं होतं जास्त आणि वर हेअर ड्रायरने तापवलं, त्यामुळे छिद्रं बुजून मोजा घामानेच ओला, चामडंही काळपट पडलं. स्प्रेवाला पाय कोरडा राहिला पण दोनेक तासच, मग थेंब घरंगळायचे थांबले आणि चामडं पाणी प्यायला लागलं. स्प्रेने चामडं मऊ होत नाही हेही खरं, त्याला कंडिशनर वेगळा लागतो. म्हणून आता वॅक्स फक्त शिलाईवर, बाकी सगळीकडे स्प्रे, तोही धुतलेल्या ओलसर बुटावरच.