एकाच वेळी दोन नोंदी: कोणती हलवायची, हे ठरवायच्या तीन पद्धती

गुरुवारी दुपारी 4:30 ते 5:15 मुलीची दंतवैद्याकडची वेळ. घरच्या सामायिक कॅलेंडरमध्ये ती तीन आठवड्यांपूर्वीच टाकलेली आहे. त्याच दिवशी 5 ते 6 ऑफिसचा तिमाही आढावा, सात जणांचा, आणि त्याचं निमंत्रण आलंय सोमवारी. दोन्हीकडे नाव एकाच बाईचं, म्हणजे मुलीच्या आईचं.

कॅलेंडरच्या हिशेबी ही पंधरा मिनिटांची टक्कर आहे. एक नोंद संपायच्या आत दुसरी सुरू झाली की टक्कर, एवढंच त्याला कळतं. दवाखान्यातून ऑफिस गाठायला पंचवीस मिनिटं लागतात हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. जायची आणि यायची वेळ धरली तर दंतवैद्याची नोंद खरी 4:05 ते 5:40 ची आहे, म्हणजे आढाव्याची पहिली चाळीस मिनिटं गेली. ‘पंधरा मिनिटं उशिरा आले तर चालेल ना?’ असं विचारून होकार मिळवणारी माणसं पुढे तोंडघशी पडतात ती इथेच.

आता कोणती नोंद हलवायची? घरात किंवा ऑफिसात यासाठी एक पद्धत ठरवून घ्यायची असेल तर निवड तिघींतून करायची आहे: आधी नोंदवलं ते टिकेल, हलवायला सोपं ते हलेल, किंवा कोणीतरी एक जण ठरवेल. ‘महत्त्वाचं ते आधी’ ही चौथी पद्धत सगळ्यांच्या तोंडी असते, पण ती मी यात धरत नाही. महत्त्व ठरवायचं कोणी, हाच तर वाद असतो. कॅलेंडरच्या नोंदींसाठी 2009 मध्ये आलेल्या RFC 5545 या मानकात `PRIORITY` नावाचा रकाना आहे, 1 म्हणजे सर्वांत वरचा, 9 म्हणजे सर्वांत खालचा. गूगल कॅलेंडरमध्ये तो भरायला जागाच नाही आणि ते बरंच आहे. असती तर सगळ्यांनी 1 च भरला असता.

आधी नोंदवलं ते टिकेल

या पद्धतीचं बलस्थान म्हणजे इथे घासाघीस नाही. नोंद कधी झाली हे दिसतं, विषय संपला. बैठकीची खोली, प्रोजेक्टर, सगळ्यांत मिळून असलेली एक गाडी, अशा वस्तूंसाठी याहून चांगलं काही नाही. खोलीला कोण आत बसलंय याच्याशी देणंघेणं नसतं. ऑफिसात मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजवर खोलीचं कॅलेंडर आपोआप निमंत्रण स्वीकारायला लावलं की ते हेच करतं: पहिल्याला हो, त्यावर चढणाऱ्याला नाही.

एक खाच मात्र माहीत असावी. दर सोमवारी होणारी बैठक वर्षभरासाठी नोंदवायला गेलात आणि त्यातला एकच सोमवार आधी कोणी घेतलेला असेल, तर मूळ सेटिंगमध्ये खोली अख्खी मालिकाच नाकारते. लोकांना वाटतं, खोली वर्षभर भरलेली आहे. प्रशासकाने थोडी सवलत ठेवली की फक्त अडणाऱ्या तारखा नाकारल्या जातात:

```
Set-CalendarProcessing -Identity "Room1" -ConflictPercentageAllowed 20 -MaximumConflictInstances 3
```

माणसांच्या बाबतीत मात्र ही पद्धत लवकर बिघडते. आपल्या उदाहरणात दंतवैद्य जिंकतो आणि सात जणांची बैठक हलते, तीसुद्धा जी गोष्ट एका फोनवर पुढे गेली असती तिच्यासाठी. त्याहून वाईट परिणाम हळूहळू दिसतो. आधी नोंदवणाऱ्याचं चालतं हे कळलं की लोक जागा अडवून ठेवायला लागतात. पुढच्या दोन महिन्यांत ‘राखीव’, ‘काम’, ‘बघू’ अशा नावांच्या नोंदी दिसू लागल्या आणि त्यातल्या बऱ्याच प्रत्यक्षात घडतच नसतील, तर ओळखावं की रोग जडलाय. ज्याचं काम ऐन वेळीच येतं, तो माणूस अशा ठिकाणी कायम हरतो.

हलवायला सोपं ते हलेल

घरासाठी आणि लहान चमूसाठी मी हीच निवडेन. ती नीट चालते ती तीन प्रश्न याच क्रमाने विचारले तर, आणि क्रम चुकला की गाडी पुन्हा ‘कोणाचं काम मोठं’ यावर येते.

पहिला प्रश्न वेळेचा नाहीच, माणसाचा आहे: आईऐवजी दुसरं कोणी जाऊ शकतं का? दातांची नेहमीची तपासणी असेल आणि बाबा चारनंतर मोकळे असतील, तर एकही वेळ न हलवता टक्कर मिटते. नोंदीवरचं नाव बदलायचं, बस. सामायिक कॅलेंडरमधल्या कितीतरी टकरी अशा असतात, कारण जी व्यक्ती नोंद टाकते ती सवयीने स्वतःचंच नाव टाकते. ‘दंतवैद्य, मुलगी + कोणीही एक’ असं लिहिलं असतं तर टक्कर झालीच नसती.

माणूस बदलता येत नसेल तर दुसरा प्रश्न: हलवली तर किती जणांना हलावं लागेल? इथे दवाखान्याला एक फोन आणि तिथे सात जणांची कॅलेंडरं. पारडं सरळ दंतवैद्याकडे झुकतं: त्याची वेळ हलवा.

पण लगेच नको, आधी तिसरा प्रश्न: पुढची वेळ कधी मिळेल, आणि तोवर थांबून काही बिघडेल का? दवाखान्याने येत्या मंगळवारची वेळ दिली तर प्रश्न सुटला. ‘आता पाच आठवड्यांनीच’ असं उत्तर आलं आणि मुलीचा दात दुखत असेल, तर एक फोन विरुद्ध सात जण हा हिशेब फिरतो. आता आढाव्याकडे बघायचं. तेव्हाही अख्खी बैठक हलवण्याआधी एक गोष्ट तपासावी: तासभर बसणं गरजेचं आहे की आपल्या मुद्द्यापुरतं? आयोजकाला असं लिहिता येतं:

‘गुरुवारी मी 5:40 ला पोहोचू शकेन, मुलीला दवाखान्यात न्यायचं आहे. विक्रीचा मुद्दा शेवटी घेतला तर चालेल का? ते जमण्यासारखं नसेल तर शुक्रवारी 11 ते 12 या वेळेत आपल्यापैकी सहा जण मोकळे दिसतात. सातव्यांना मी विचारून घेते.’

या चार ओळींत नुसती अडचण नाही, दोन पर्याय आहेत, आणि दुसरा पर्याय तपासून दिलेला आहे. ‘मला गुरुवारी जमणार नाही, काय करूया?’ असा निरोप आला की आयोजकाला सात जणांशी नव्याने बोलणं आलं, मग तो साहजिकच ‘बघा ना जमवून’ म्हणतो. गूगल कॅलेंडरमध्ये निमंत्रणाला उत्तर देतानाच `Propose a new time` हा पर्याय मिळतो. आउटलुकमध्येही `Propose New Time` आहे. पण त्यातून फक्त वेळ जाते, कारण आणि ‘मुद्दा शेवटी घ्या’ हे सांगायला शब्दच लागतात.

या पद्धतीत एक अन्याय दडलेला आहे आणि तो लगेच दिसत नाही. सोप्या नोंदी रोज हरतात. व्यायाम, अभ्यासाचा तास, नव्या सहकाऱ्याशी ठरलेलं अर्ध्या तासाचं बोलणं, आजोबांकडची भेट, या सगळ्यांत एकच माणूस हलतो, म्हणून दर वेळी याच हलतात. मागच्या महिन्याचं कॅलेंडर उघडून कोणत्या नोंदी पुढे ढकलल्या गेल्या ते बघा. पुन्हा पुन्हा तेच नाव दिसलं तर नियमाला जोड हवी. मी सुचवेन ती जोड अशी: एकदा हलवलेली नोंद दुसऱ्यांदा हलवायची नाही, समोर कोणीही असो. ती हलवतानाच नवी वेळ टाकायची आणि शीर्षकात ‘हलवलेली’ असं लिहायचं, म्हणजे पुढच्या टकरीत तिला हात लावायचा नाही हे सगळ्यांना दिसतं. नवी वेळ न टाकता नुसती पुसलेली नोंद म्हणजे रद्द झालेलं काम, हे मनाशी पक्कं असू द्यावं.

दर आठवड्याची नोंद असेल तर आणखी एक काळजी. गूगल विचारतं `This event`, `This and following events` की `All events`. एका गुरुवारची अडचण सोडवताना तिसऱ्यावर बोट पडलं की सगळे गुरुवार सरकतात आणि पुढच्या महिन्यात नवीन टकरी उगवतात.

एक जण ठरवेल

मोठ्या साहेबांचं कॅलेंडर सांभाळणारे स्वीय सहायक असतात तिथे हीच पद्धत योग्य, कारण कोणाला थांबवता येतं आणि कोणाला नाही हे त्यांना ठाऊक असतं. घरात मात्र हे काम ज्याच्या डोक्यावर आधीच सगळं आहे त्याच्याच गळ्यात पडतं, आणि तो माणूस आजारी पडला की सगळं ठप्प. घरी ही पद्धत लावायचीच असेल तर फक्त वरचे तीन प्रश्न विचारूनही निकाल लागत नाही अशा टकरींपुरती, आणि निर्णय आदल्या संध्याकाळच्या आत.

पद्धत कोणतीही घ्या, टक्कर दिसली पाहिजे

आपल्या उदाहरणात एक प्रश्न राहिलाच: सोमवारी आढावा ठरवणाऱ्याला गुरुवारची ती वेळ मोकळी दिसली कशी? गूगलवर कुटुंबाचा गट केला की `Family` नावाचं वेगळं कॅलेंडर तयार होतं. दुसरं कोणी तुमची मोकळी वेळ शोधतं तेव्हा ते बघतं तुमचं मुख्य कॅलेंडर. कुटुंबाच्या कॅलेंडरमधली नोंद तुमच्या पडद्यावर रंगीत दिसते, म्हणून वाटतं की वेळ अडली. समोरच्याच्या लेखी तुम्ही रिकामे. दिवसभराच्या नोंदीचंही तसंच: रजा अशी टाकली तर ती मुळात `Free` म्हणून बसते, स्वतः `Busy` करावी लागते.

उपाय साधा आहे. कुटुंबाच्या नोंदीत त्या दिवशी जाणाऱ्या व्यक्तीचा ऑफिसचा ईमेल पाहुणा म्हणून घालायचा आणि तिने निमंत्रण स्वीकारायचं, म्हणजे ती वेळ तिच्या ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये अडते. कारण कोणाला कळू नये असं वाटत असेल तर तिथे ती नोंद `Private` करता येते. वेळ टाकताना मात्र 4:30 ते 5:15 नाही, 4:05 ते 5:40 टाकायची. मग एखाद्या सहकाऱ्याला त्याच्या पडद्यावरून गुरुवार बघायला सांगावं. तिथे ते पंच्याण्णव मिनिटं भरलेली दिसत असतील, तर पुढचं निमंत्रण पाठवणारा निदान आधी विचारेल.