बुटीबोरी ते न्हावा शेवा: कंट्रोल टॉवर आठ-नऊ महिने वापरल्यावर

आम्ही सुताचे कंटेनर पाठवतो आणि ते कुठवर पोहोचले हे दाखवणारं ‘कंट्रोल टॉवर’ सॉफ्टवेअर वापरतो. माल बुटीबोरीत भरायचा, नागपूरच्या आयसीडीतून, म्हणजे बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोतून, रेल्वेने न्हावा शेवाला आणि तिथून जहाज. ज्यांच्याकडे असलं सॉफ्टवेअर आहे त्यांना माइलस्टोनची, म्हणजे प्रवासातल्या टप्प्यांची, यादी तोंडपाठ असेल, म्हणून ती देत नाही. नकाशा छान आहे, मोबाइल अॅपही बरं चालतं. पण सॉफ्टवेअरचा दर प्रति कंटेनर आहे आणि बुकिंग रद्द झालं तरी बिल लागतं, त्यामुळे मी एकेका अलर्टची किंमत मोजते.

माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे: उशीर नेमका कशाच्या तुलनेत मोजता?

आमचा एक कंटेनर सोमवारी भरायचा होता. ठरल्याप्रमाणे बुधवारी रेक, म्हणजे मालगाडी, सुटून शुक्रवारी सकाळी सहाला तो पोर्टला लागला असता. जहाजाचं कट-ऑफ, म्हणजे माल पोर्टला पोहोचायची शेवटची वेळ, शनिवारी दुपारी चारची, म्हणजे हाताशी चौतीस तास. रिकामा कंटेनर उशिरा आल्याने स्टफिंग, म्हणजे माल भरणं, मंगळवारी रात्री झालं आणि बुधवारच्या रेकची संधी गेली. सिस्टिमने स्टफिंगची खरी वेळ घेतली, पुढचे सगळे टप्पे तिच्यावरून नव्याने मांडले आणि पोर्टची वेळ शनिवारी रात्री नऊ दाखवली. त्यानंतर आयसीडी गेट-इन, म्हणजे डेपोच्या गेटातून आत जाणं, नव्या वेळेत झालं, रेक नव्या वेळेत सुटली. प्रत्येक टप्प्यापुढे ‘ऑन टाइम’ आणि हिरवा ठिपका. कट-ऑफच्या पाच तास मागे पडलेला कंटेनर पडद्यावर अगदी वेळेत होता!

शुक्रवारी डिस्पॅचचे भाऊ बुकिंगचा कागद घेऊन आले. म्हणाले, “मॅडम, सगळं हिरवं आहे, पण शनिवारच्या जहाजात हा बसत नाही.” तोवर कंटेनरचा डबा रेल्वेवर चढलेला होता. मंगळवारी रात्री कळलं असतं तर शिपिंग लाइनशी बोलून, कागद बदलून ट्रेलर रस्त्याने काढता आला असता. भाडं जास्त पडलं असतं, पण जहाज मिळालं असतं. आता माल पुढच्या आठवड्याच्या जहाजात गेला आणि एलसीतली, म्हणजे पैसे मिळण्याच्या बँकेच्या हमीपत्रातली, शिपमेंटची शेवटची तारीख उलटली. दुरुस्तीचे बँकेचे पैसे आमच्याच माथी.

तेव्हा हे लिहायला बसले असते तर एकच तारा दिला असता. त्यानंतर मात्र सपोर्टमधल्या मुलीने दोन दिवस बसून माझ्याबरोबर सेटिंग तपासलं, आणि मत बदललं. बुकिंगच्या वेळचा प्लॅन गोठवायची सोय आत होती. आमच्या खात्यात ती बंद ठेवून दिली होती. आता दोन वेळा शेजारी दिसतात, मूळ प्लॅन आणि ताजा अंदाज. मुख्य अलर्ट मात्र तिसऱ्याच आकड्यावर लावलाय: कट-ऑफमधून पोर्टला पोहोचण्याचा अंदाज वजा. उरलेला वेळ चोवीस तासांखाली गेला की पिवळा, शून्याखाली गेला की लाल, आणि लाल थेट माझ्या फोनवर. मंगळवारच्या त्या रात्री याने उणे पाच दाखवलं असतं.

यातही एक काळजी घ्यावी लागते. जहाज लांबलं की लाइन कट-ऑफ बदलते. जुनंच कट-ऑफ भरलेलं राहिलं तर लाल उगाच पेटतो, किंवा कट-ऑफ अलीकडे आलेलं असताना पेटतच नाही. म्हणून कट-ऑफपुढे ते शेवटचं कधी तपासलं याची वेळ दाखवायला लावली.

खोट्या अलर्टचा त्रास वेगळा. रेल्वेने जाणाऱ्या प्रत्येक डब्याला ‘पोर्ट गेट-इन चुकलं’ असं यायचं. कारण साधं आहे: रेल्वेने आलेला डबा पोर्टच्या रेल्वे सायडिंगवर उतरतो, ट्रकच्या गेटमधून जातच नाही. आमच्या खात्यावर रस्त्याने जाणाऱ्या मालाच्या टप्प्यांचा साचा लावलेला होता, त्यामुळे सिस्टिम कधीच न येणाऱ्या निरोपाची वाट बघत बसायची. लाल रंग रोजचाच झाल्यावर आमच्या पोरांनी तो बघणं सोडलं, हे मला सगळ्यात घातक वाटलं. तुमच्याकडे एकाच मार्गावरच्या सगळ्या डब्यांना तोच अलर्ट येत असेल, तर आधी साचा तपासा. आणि काही डब्यांनाच येऊन तासाभरात आपोआप मिटत असेल, तर घटना घडल्याची वेळ आणि निरोप मिळाल्याची वेळ शेजारी लावून बघा. काही ठिकाणांहून निरोप गठ्ठ्याने येतात. तेवढ्या वेळाची सवलत त्या टप्प्याला दिली की आवाज थांबतो.

ट्रकच्या सिम-ट्रॅकिंगबद्दल थोडक्यात: ड्रायव्हरने संमती दिली नाही तर गाडी दिसत नाही. आयसीडीपर्यंतच्या छोट्या फेरीसाठी आम्ही ते बंद केलं, तेवढे पैसे वाचले.

आता तीन तारे. चौथा अडलाय कोलंबोत. बांगलादेशातल्या चट्टोग्रामला जाणारा माल तिथे जहाज बदलतो आणि पुढचं जहाज चुकलं तरी हा टॉवर जुन्याच जहाजाची तारीख दाखवत राहतो. डबा कोलंबोत उतरला पण पुढच्या जहाजावर चढल्याचा निरोप आला नाही, एवढ्यावर अलर्ट हवाय. नूतनीकरणाच्या कागदावर ही अट आणि रद्द बुकिंगचं बिल न लावण्याची अट, दोन्ही लेखी मागितल्या आहेत. उत्तर येईपर्यंत सही केलेली नाही.