हेड अँड शोल्डर्स की डबल टॉप: चूक कळायला कुठे किती पैसे लागतात

शनिवारी सकाळी कोथरूडला आमच्या शेजारचे काका दोन चार्ट छापून घेऊन आले. दोन्ही शेअर त्यांच्याकडे डिलिव्हरीत आहेत, दोन्हींचा भाव पाचशेच्या आसपास आणि दोन्ही वर गोलाई घेऊन खाली वळलेले. "दोन्ही पडणार असं दिसतंय. आधी कुठला विकू?" त्यांनी विचारलं. एका चार्टवर हेड अँड शोल्डर्स होता, म्हणजे मधलं शिखर उंच आणि दोन्ही बाजूंची ठेंगणी, दुसऱ्यावर डबल टॉप, म्हणजे जवळपास सारख्या उंचीची दोन शिखरं. दोन्ही तेजीच्या शेवटी येणारे पॅटर्न आणि दोन्हींचं टार्गेट काढायची पद्धतही जवळपास तीच, म्हणून लोक त्यांना एकाच मापाने मोजतात. माझ्या मते निर्णय घेताना टार्गेटपेक्षा वेगळाच आकडा आधी काढावा: आपण चुकलो हे चार्ट कुठल्या भावाला सांगणार? इथे हे दोन पॅटर्न एकमेकांपासून फार वेगळे पडतात.

आधी पहिला चार्ट. आकडे सोपे व्हावेत म्हणून थोडे गोल करतो. डावा खांदा 540 ला झाला, भाव 500 पर्यंत उतरला. मग डोकं 580 ला, तिथून 508 पर्यंत उतार आणि शेवटी उजवा खांदा 545 ला. 500 आणि 508 हे दोन तळ जोडले की नेकलाइन मिळते, आणि ती थोडी चढती आहे. इथे हमखास एक चूक होते. लोक डोक्याची उंची सरळ खालच्या तळापासून मोजतात आणि 80 रुपये धरतात. माप डोक्याच्या बरोबर खाली, उभ्या रेषेत, नेकलाइनपर्यंत घ्यायचं. तिथे रेषा 504 वर आहे, म्हणून उंची 76. आणि ती वजा करायची नेकलाइन जिथे तुटते तिथून. तोवर रेषा चढून 512 वर आलेली होती, म्हणजे टार्गेट 436.

दुसऱ्या चार्टवर शिखरं 580 आणि 577 ला, मधली दरी 510 ला, आणि दोन शिखरांत साधारण दीड महिन्याचं अंतर. उंची 70, दरीतून वजा केली की टार्गेट 440. टार्गेट पाहिलं तर दोघे सख्खे भाऊ वाटतात.

आता दुसरा आकडा. हेड अँड शोल्डर्समध्ये समजा 510 ला बंद झाल्यावर विकलं. भाव उजव्या खांद्याच्या वर, म्हणजे 548 च्या पुढे बंद झाला, तर पॅटर्न मेला, वाद घालायला काही उरत नाही. म्हणजे चुकलात तर परत घ्यायला 38 रुपये जास्त मोजावे लागतील आणि बरोबर ठरलात तर 74 रुपये वाचतील. डबल टॉपमध्ये 507 ला विकलं, तर पॅटर्न निर्विवाद फसला असं कधी म्हणणार? शिखरांच्या वर, 582 ला. म्हणजे चूक 75 रुपयांची आणि बचत 67 ची. उजवा खांदा ही मध्येच मिळालेली खूण आहे, ती डबल टॉपला नसते. शिवाय हा खांदा होताना व्हॉल्यूम डाव्या खांद्यापेक्षा आणि डोक्यापेक्षा कमी दिसला, तर वर घ्यायला माणसं उरली नाहीत हे आधीच कळतं. काकांच्या चार्टवर तो तसा होता.

काकांनी लगेच विचारलं, "मग डबल टॉपला मधेच कुठेतरी, 540 ला, स्टॉपलॉस लावला तर?" लावता येतो, पण ती जागा आपली, चार्टची नाही. दरी तुटल्यावर भाव पुष्कळदा परत वर येऊन तीच पातळी खालून शिवतो. त्याला रिटेस्ट म्हणतात आणि तो पॅटर्न फसल्याचा पुरावा नाही. मी डबल टॉपमध्ये असं करतो: भाव दरीच्या वर लागोपाठ दोन दिवस बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी व्हॉल्यूमही वाढला, तर चूक मान्य करून विकलेला माल परत घेतो, 582 ची वाट बघत नाही. दिवसाच्या आत वर डोकावून परत खाली बंद झाला, तर सोडून देतो. यात कधी कधी बरोबर असलेली विक्रीही हातची जाते, तेवढी किंमत मी मोजतो. हेड अँड शोल्डर्समध्येही नेकलाइनच्या वर बंद झाला की संशय घ्यावा, पण 548 ची पक्की रेषा हाताशी असल्याने थोडा धीर धरता येतो.

दरी तुटायच्या आधी मात्र डबल टॉप हा डबल टॉप नसतोच. दोन बरोबरीची शिखरं चढत्या शेअरमध्ये सतत दिसतात. त्यातली बरीचशी आडव्या पट्ट्यात विसावून पुन्हा वर जातात. हेड अँड शोल्डर्सलाही तोच नियम आहे, पण तिथे शिखर आधीच खाली आलेलं असतं, म्हणजे घसरणीची एक पायरी आपण पाहिलेली असते.

आणखी एक गोष्ट मी स्वतः पैसे घालवून शिकलो. एका शेअरची नेकलाइन 515 ला होती. सकाळी 9:15 ला भाव उघडताच 509 दिसला आणि मी घाईने सगळा माल विकला. त्या दिवशी शेअर 12 रुपयांच्या लाभांशासाठी एक्स-डिव्हिडंड झाला होता, म्हणजे त्या दिवसापासून घेणाऱ्याला तो लाभांश मिळणार नव्हता आणि भाव साधारण तेवढाच खाली उघडणार होता. माझा चार्ट लाभांशाप्रमाणे बदललेला नव्हता. खऱ्या हिशेबाने जुने तळही 12 रुपये खाली सरकायला हवे होते, म्हणजे रेषा 503 ला, आणि ती तुटलेलीच नव्हती. चौथ्या दिवशी भाव 530 ला. तेव्हापासून रेषा तुटली की आधी एक्स-डेट बघतो आणि 3:30 चा बंद भाव आल्याशिवाय निर्णय घेत नाही.

टार्गेटबद्दलही काकांना सांगितलं, की 436 हा भाव कुणी लिहून दिलेला नाही. पहिल्या शेअरने वर जाताना 455 ला बरेच दिवस मुक्काम केला होता, तिथे घेणारे पुन्हा उभे राहू शकतात. म्हणून हिशेब 455 धरूनही करावा: बचत 55, चूक 38. तरीही परवडतं. दुसऱ्या शेअरमध्ये 470 ला असाच मुक्काम होता, तिथे बचत 37 आणि चूक 75. माझ्या लेखी ते चालण्यासारखं नाही.

आणि हे सगळं हातातला माल विकण्यापुरतं. कॅश सेगमेंटमध्ये हातात नसलेला शेअर आज विकून, म्हणजे शॉर्ट करून, उद्यापर्यंत ठेवता येत नाही. त्यासाठी फ्युचर्स किंवा पुट लागतो आणि फ्युचर्सचा एक लॉट घेतला, की 38 रुपयांची चूक लॉटमधल्या शेअरच्या संख्येने गुणावी लागते. काकांना तिकडे जायचं नव्हतं, ते मला बरंच वाटलं.

सोमवारी पहिला शेअर 510 ला, व्हॉल्यूम वाढवून, बंद झाला. काकांनी मंगळवारी सकाळी 508 ला अर्धा माल विकला आणि 548 हा आकडा डायरीत लिहून ठेवला. दुसऱ्या शेअरचा भाव अजून 518 आहे. तिथे त्यांनी 510 चा अलर्ट लावला आहे.