शब्द बदलायचे की वाक्य?

सोसायटीच्या ज्येष्ठांसाठी हा निरोप मराठीत करायचा आहे: ‘नेक्स्ट मंडे टँक क्लीनिंग आहे, सो मॉर्निंगपासून वॉटर सप्लाय स्टॉप राहील, प्लीज स्टोअर करून ठेवा.’

पहिली रीत म्हणजे इंग्रजी शब्दाच्या जागी मराठी शब्द: ‘पुढील सोमवारी टाकी स्वच्छता आहे, म्हणून सकाळपासून जलपुरवठा स्थगित राहील, कृपया साठवण करून ठेवा.’ काम झटपट होतं आणि तपशील निसटत नाही. पण ‘स्टोअर करणे’मधला ‘करणे’ तसाच राहिल्यामुळे ‘साठवण करून ठेवा’ असं अवघडलेलं वाक्य तयार झालं. काय साठवायचं, तेही त्यात नाही. ‘पुढील सोमवार’ म्हणजे येता की त्यानंतरचा, हा घोळही कायम.

दुसरी रीत वाक्यच नव्यानं मांडते: ‘येत्या सोमवारी टाकी धुणार आहेत. सकाळपासून नळाला पाणी येणार नाही. रविवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.’ आजी वाचतील आणि लगेच बादल्या काढतील. मला हीच रीत पटते. मात्र इथे ‘येत्या’ आणि ‘रविवारी रात्री’ आपण घातलं, म्हणून निरोप लिहिणाऱ्याला विचारूनच ते पक्कं करावं. नोटिशीत रक्कम किंवा मुदत असेल, तर पहिल्या रीतीनं आधी कच्चा खर्डा करून त्याच्याशी ताडून पाहणं बरं.

एखाद्या निरोपात ‘लिफ्ट’सारखा रुळलेला शब्द आला, तर तो मात्र दोन्ही रीतींत तसाच ठेवावा. ‘उद्वाहन बंद’ वाचून ज्येष्ठच थबकतील.