तीन फॉर्मल पँटी, आठ महिने: कंबरेचा त्रास निघाला राइजमध्ये

गेले आठ महिने ऑफिसला तीनच पँटी आलटूनपालटून घालतोय. प्रत्येक पँट आठवड्यातून एक-दोनदा अंगावर असते. माझं काम बैठं आहे, दिवसाचे सात-आठ तास खुर्चीत जातात, आणि अनुभव लिहिताना ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची ठरली. कारण पँट आपण घेतो आरशासमोर उभं राहून आणि वापरतो बसून.

पहिली पँट पॉलिएस्टर-व्हिस्कोसची, थोडं स्पँडेक्स असलेली, स्लिम, प्लेट नसलेली. दुसरी ९८ टक्के कॉटन आणि २ टक्के स्पँडेक्सची, तीही बिनप्लेटची. तिसरी टेरीवूलची, म्हणजे ५५ टक्के पॉलिएस्टर आणि ४५ टक्के लोकर, प्रत्येक बाजूला एक प्लेट. तिन्हींच्या लेबलवर कंबर ३६.

पहिल्या पँटीने मला दोन महिने छळलं. सकाळी नीट बसायची, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत खाली सरकलेली असायची. खुर्चीतून उठलं की मागे शर्ट बाहेर. मला वाटलं कंबर सैल आहे, म्हणून बेल्ट एक भोक घट्ट केला. झालं उलटंच. पोटाखाली वळ उठायला लागले आणि पँट सरकायची ती सरकतच राहिली. शेवटी टेप घेऊन बसलो.

पँटीची कंबरपट्टी सपाट धरून मोजली तर पावणेएकोणीस इंच, म्हणजे घेर साडेसदतीस. लेबलवरचे ३६ म्हणजे नुसतं नाव. पण खरा घोटाळा पुढे होता. पायांच्या मधे जिथे चारही शिवणी एकत्र येतात तिथून वर पट्टीच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे राइज. शिंप्याकडे याला आसन म्हणतात. या पँटीचा पुढचा राइज साडेनऊ इंच निघाला, मागचा १४. एवढ्या कमी राइजची पट्टी माझ्या अंगावर पोटाच्या खाली येते. माझं पोट थोडं पुढे आहे, त्यामुळे तिथे अंगाला खाली जाणारा उतार आहे. उतारावर पट्टी कितीही आवळा, ती खालीच जाणार. वरून पोट तिला ढकलत असतं. शिवाय बसलं की पाठीमागे जास्त कापड लागतं. मागचा राइज अपुरा असेल तर ते कापड पट्टीच खाली ओढून पुरवलं जातं, आणि शर्ट बाहेर येतो तो तिथेच.

टेरीवूलच्या पँटीचा राइज पुढे साडेअकरा, मागे १६. तिची पट्टी बेंबीच्या जरा खाली, पोटाला वळसा घालून बसते. तिथे माझा घेर उभ्याने ३७ आणि बसल्यावर साडेअडतीस भरतो. हा फरक प्रत्येकाने एकदा मोजून पाहावा, कारण पोट असलेल्या माणसाची कंबर बसल्यावर इंच-दीड इंच वाढू शकते. या पँटीची पट्टी खरोखर साडेछत्तीस होती, त्यामुळे सुरुवातीला बसल्यावर श्वास कोंडायचा. मी ती परतच करणार होतो. पण मागच्या मधल्या शिवणीत आत भरपूर कापड सोडलेलं होतं. शिंप्याने तिथे उसवून एक इंच वाढवून दिला आणि घेर साडेसदतीस झाला.

म्हणजे पहिल्या आणि तिसऱ्या पँटीचा घेर आता तंतोतंत सारखा आहे. तरी पहिली सरकते आणि तिसरी बेल्ट न लावताही जागची हलत नाही. कंबरेचं माप पट्टी अंगावर कुठे बसते यावर ठरतं, हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून आता आधी राइज बघतो आणि मग त्या उंचीवर अंगाचा घेर मोजतो. हे गणित माझ्या अंगाचं आहे. पोट सपाट आणि धड आखूड असेल तर साडेअकराचा राइज फार वर, जवळजवळ बरगड्यांपाशी जाईल. अशा अंगाच्या माणसाला दहा-साडेदहा बरा पडेल.

प्लेटबद्दल माझं मत पूर्ण बदललं. प्लेटची पँट म्हणजे ढगळ, असं मी मानत होतो. खरं तर प्लेट म्हणजे कंबरेशी दुमडून ठेवलेलं जादा कापड. बसताना मांड्या आणि सीट पसरतात तेव्हा ती घडी उघडते, उठलं की मिटते. बिनप्लेटच्या स्लिम पँटीत हे कापड मिळायला जागाच नसते, म्हणून बसल्यावर जांघेपासून आडव्या चुण्या पडतात आणि बाजूचे खिसे कानासारखे बाहेर येतात. पण प्लेट असली की झालं, असंही नाही. उभं असताना प्लेट उघडी राहत असेल तर पँट सीटला घट्ट आहे आणि जादा कापड आधीच संपलं आहे. कंबर वाढवून ते बरं होत नाही, एक माप मोठी पँट घ्यावी लागते. उभ्याने प्लेट मिटलेली, खिसे सपाट, आणि सीटखाली कापडाची झोळी नाही, एवढं दिसलं की माप बरोबर.

आता कापड. पॉलिएस्टर-व्हिस्कोसची इस्त्री दिवसभर टिकते, पायावरची उभी घडी धुतल्यावरही बऱ्यापैकी राहते. पण पाचव्या महिन्यात मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक गोळे धरले. पॉलिएस्टरचे धागे चिवट असल्याने हे गोळे गळून पडत नाहीत, तिथेच चिकटून राहतात. सीटवर चकाकीही आली. त्यात घासण्याचा वाटा आहे, पण माझाही आहे: गरम इस्त्री सरळ कापडावर फिरवत होतो. आता पँट उलटी करून किंवा वर सुती फडकं टाकून इस्त्री करतो. आलेली चकाकी मात्र गेली नाही.

कॉटनची पँट अंगाला सगळ्यात सुखाची, घाम शोषते. पण तासाभरात जांघेत आणि गुडघ्यामागे चुण्या पडतात आणि संध्याकाळी गुडघ्यांना पोक येतो. गडद रंग शिवणींच्या कडेला विटला. महत्त्वाच्या बैठकीच्या दिवशी मी ती घालत नाही.

टेरीवूलने मला खरंच आनंद दिला. लोकरीचा धागा मुळातच लवचीक असतो, म्हणून दुमडलेलं कापड परत सरळ व्हायला बघतं. रात्री हँगरला लावली की सकाळी बहुतेक चुण्या गेलेल्या असतात. दोष म्हणजे घरच्या मशीनमध्ये टाकता येत नाही आणि आतून जरा टोचते. माझ्या पँटीला गुडघ्यापर्यंत अस्तर आहे म्हणून निभावतं.

एक चूक मात्र होता होता वाचली. टेरीवूलची उंची कमी करायला देताना मी पहिल्या पँटीची बाहेरची लांबी, म्हणजे कंबरपट्टीपासून खालपर्यंतचे ४० इंच, सांगितली होती. राइज दोन इंचांनी जास्त असल्यामुळे पँट घोट्याच्या वर गेली असती. शिंप्याने कापण्याआधी घालून दाखवायला सांगितलं म्हणून कळलं. तेव्हापासून मी फक्त आतली लांबी सांगतो, जांघेपासून खालपर्यंत ३० इंच. ती राइज बदलला तरी बदलत नाही.