पुस्तकी किमती की ठरलेल्या किमती? दोन कंपन्यांच्या एकत्रीकरणापूर्वी करावयाची तुलना

हिंगणा एमआयडीसीतील एक खासगी कंपनी संत्र्यांसाठी प्लॅस्टिकचे क्रेट तयार करते आणि बुटीबोरीतील तिच्यापेक्षा मोठी कंपनी तिला आपल्यात सामावून घेऊ इच्छिते, असे समजू. दोन्ही कुटुंबांचे बोलणे झालेले आहे आणि हिंगण्याच्या दर चार शेअरमागे बुटीबोरीचे पाच शेअर द्यावयाचे, हेही ठरले आहे. आता हिंगण्याची मालमत्ता आणि देणी बुटीबोरीच्या पुस्तकांत कोणत्या किमतीला उतरवावयाची, एवढाच प्रश्न उरला आहे. तो योजनेचा मसुदा तयार होण्यापूर्वीच सुटला पाहिजे, कारण लेखापद्धती मागाहून निवडता येत नाही. योजनेतील अटीच ती ठरवून टाकतात.

लेखा मानक 14 नुसार एकत्रीकरण 'विलीनीकरणाच्या स्वरूपाचे' ठरण्यासाठी पाचही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. सर्व मालमत्ता व देणी घेणाऱ्या कंपनीकडे आली पाहिजेत. विकणाऱ्या कंपनीचे दर्शनी मूल्याने किमान 90 टक्के समभाग धारण करणारे भागधारक घेणाऱ्या कंपनीचे समभागधारक झाले पाहिजेत (तिच्याकडे आधीच असलेले समभाग यात मोजत नाहीत). अशा समभागधारक होणाऱ्यांना मोबदला समभागांतच दिला पाहिजे आणि रोख रक्कम केवळ अपूर्णांकी शेअरपुरती असावी. व्यवसाय पुढे चालविण्याचा हेतू असावा. आणि लेखाधोरणे सारखी करण्यापलीकडे पुस्तकी किमतींना हात लावलेला नसावा. व्यवहारात शेवटची अटच बहुतेक वेळा मोडते. भूखंडाची किंमत वाढवून घेऊ, असे एक वाक्य योजनेत आले की एकत्रीकरण 'खरेदीच्या स्वरूपाचे' होते, मग बाकीच्या चार अटी कितीही काटेकोर पाळलेल्या असोत. ज्या कंपन्यांना इंड-एएस लागू आहे, म्हणजे सूचिबद्ध कंपन्या किंवा 250 कोटी रुपये व त्याहून अधिक निव्वळ मूल्याच्या कंपन्या, त्यांना हा आढावा लागू नाही.

उदाहरणासाठी घेतलेले हिंगण्याचे आकडे लाख रुपयांत पुढीलप्रमाणे आहेत.

| बाब | पुस्तकी किंमत | ठरलेली किंमत |
|---|---|---|
| भूखंड व इमारत | 70 | 130 |
| यंत्रसामग्री | 80 | 65 |
| माल | 45 | 40 |
| येणी | 50 | 46 |
| बँक शिल्लक | 5 | 5 |
| बँकेचे कर्ज | 40 | 40 |
| धनको | 60 | 60 |
| ग्रॅच्युइटीचे न नोंदलेले देणे | – | 6 |

पुस्तकी निव्वळ मालमत्ता 150 लाख आहे. त्यात भागभांडवल 80 लाख (दहा रुपयांचे 8 लाख शेअर) आणि राखीव निधी 70 लाख. ठरलेल्या किमतींनी मालमत्ता 286 लाख व देणी 106 लाख होतात, म्हणजे निव्वळ 180 लाख.

या किमती कागदावर बसून ठरत नाहीत. गोदामात मागच्या रांगेत रचलेली प्लॅस्टिक दाण्यांची पोती हाताने चाचपून पाहिली, तर काहींतील दाणे ओल लागून एकमेकांना चिकटलेले आढळतात, आणि मालाचे 45 चे 40 तेथेच होतात. एमआयडीसीचा भूखंड सहसा 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याचा असतो. त्यामुळे शेजारच्या मोकळ्या जमिनीचा भाव त्याला सरसकट लावणे चुकीचे आहे. पट्ट्याची उरलेली वर्षे आणि हस्तांतराचे शुल्क मूल्यांकनात आले पाहिजे. ग्रॅच्युइटीचे सहा लाख तर ताळेबंदात नव्हतेच, तरीही ते देणे आहे आणि घेणाऱ्यालाच फेडावे लागणार आहे.

खरेदी मोबदल्याविषयी सर्वांत अधिक गोंधळ आढळतो, म्हणून येथे थोडे थांबू. मानकानुसार मोबदला म्हणजे विकणाऱ्या कंपनीच्या भागधारकांना दिलेले शेअर, इतर रोखे, रोख रक्कम व अन्य मालमत्ता यांची बेरीज. येथे 8 लाख शेअरबद्दल 10 लाख शेअर द्यावयाचे आहेत. बुटीबोरीचा शेअर दर्शनी दहा रुपयांचा असून तो वीस रुपयांना धरला आहे, म्हणून मोबदला 200 लाख. बँकेचे 40 लाख यात मिळवायचे नाहीत, कारण ते भागधारकांना मिळत नाहीत. ते देणे म्हणून स्वतंत्रपणे अंगावर येते. ते मिळविले तर मोबदला 240 लाख होतो, तेच कर्ज देण्यांतही दिसते आणि नावलौकिक, म्हणजे मोबदल्यातून 180 लाखांची निव्वळ मालमत्ता वजा जाता उरणारी रक्कम, 20 ऐवजी 60 लाख निघतो. नावलौकिकातील फुगवटा नेमका एखाद्या देण्याच्या रकमेइतका दिसला, तर चूक येथेच शोधावी.

मोबदल्याच्या अटी ठरलेल्या असताना निव्वळ मालमत्तेचे 180 लाख हाच मोबदला धरणे, ही दुसरी चूक. ती पद्धत देय रक्कम योजनेत सांगितलेलीच नसेल तेव्हाची आहे. अटी दिलेल्या असतील तर त्यांतून येणारी रक्कम मोबदला ठरते आणि 180 हा तिच्याशी ताडून पाहण्याचा आकडा राहतो.

आता दोन्ही मार्ग शेजारी ठेवू. विलीनीकरणात सर्व रकमा पुस्तकी किमतीला येतात. दर्शनी मूल्याने दिलेले 100 लाखांचे भांडवल व हिंगण्याचे 80 लाखांचे भांडवल यांतील 20 लाखांचा फरक राखीव निधीतून वजा होतो, आणि 50 लाखांचा राखीव निधी बुटीबोरीच्या ताळेबंदात पुढे चालू राहतो. नावलौकिक निर्माण होत नाही.

खरेदी पद्धतीत प्रथम व्यवसाय खरेदी खाते 200 लाखांनी नावे पडते आणि हिंगण्याच्या भागधारकांचे खाते जमा होते. (पाठ्यपुस्तकांत येथे परिसमापकाचे नाव असते, परंतु कंपनी कायद्याच्या कलम 232 खालील योजनेत कंपनी परिसमापनाविना विसर्जित होते.) त्यानंतर मालमत्ता 286 लाख व नावलौकिक 20 लाख नावे, देणी 106 लाख व व्यवसाय खरेदी खाते 200 लाख जमा, दोन्ही बाजू 306 लाख. शेवटी भागधारकांचे खाते नावे टाकून भागभांडवल 100 लाख व सिक्युरिटीज प्रीमियम 100 लाख जमा होतात. हिंगण्याचे 70 लाखांचे राखीव निधी कोठेही येत नाहीत. अपवाद वैधानिक निधीचा: विकणारी कंपनी मिहानमधील सेझ घटक असती आणि तिचा पुनर्गुंतवणूक राखीव निधी कायद्याने जपावयाचा असता, तर एकत्रीकरण समायोजन निधी नावे टाकून तो दाखवावा लागला असता. मोबदला 180 पेक्षा कमी असता, तर फरक भांडवली राखीव निधीत गेला असता.

हिंगण्याच्या 46 लाख येण्यांपैकी 12 लाख बुटीबोरीकडूनच यावयाचे असतील, तर दोन्ही मार्गांत ते येणे आणि बुटीबोरीच्या पुस्तकातील तेवढेच देणे एकमेकांत काढून टाकावे लागते. हे राहिले तर ताळेबंद जुळतो, पण कंपनी स्वतःचीच ऋणको दिसते.

निवड करताना बँकेची बाजू महत्त्वाची ठरते. खरेदी पद्धतीत निव्वळ मूल्यात 200 लाखांची भर दिसते. पण बँक नावलौकिक वगळून पाहते, म्हणून खरी भर 180 लाखांची, विलीनीकरणात ती 150 लाखांची. या तीस लाखांची किंमत नफ्याला मोजावी लागते. नावलौकिक साधारणपणे पाच वर्षांत निर्लेखित करावयाचा असल्याने दरवर्षी चार लाख जातात, शिवाय वाढीव पट्ट्याचे निर्लेखन येते. प्राप्तिकरात याचा लाभ नाही: पात्र एकत्रीकरणात घसारा हिंगण्याच्या जुन्या कर-किमतीवरच मिळतो आणि नावलौकिकावर घसारा 2021 पासून बंद आहे. लाभांशाच्या दृष्टीनेही विलीनीकरण सोयीचे आहे, कारण हिंगण्याचा साठलेला नफा पुढे चालू राहतो.

म्हणून बुटीबोरीला नव्या यंत्रांसाठी लगेच मोठे कर्ज काढावयाचे नसेल, तर या उदाहरणात मी विलीनीकरणाकडे झुकेन. मात्र शेअर घेणाऱ्या हिंगण्याच्या एखाद्या भागधारकाला अपूर्णांकी शेअरपलीकडे थोडीही रोख द्यावयाची ठरली, तर तो मार्ग तेव्हाच बंद होतो. म्हणून सर्व भागधारकांकडून शेअरच स्वीकारण्याची लेखी संमती मूल्यांककाची नेमणूक होण्यापूर्वीच घ्यावी, आणि योजनेतील लेखाव्यवहाराचा परिच्छेद लेखापरीक्षकाकडून आधी तपासून घ्यावा, कारण त्याच्या प्रमाणपत्राशिवाय राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण योजना मंजूर करू शकत नाही.