अमेलोब्लास्टोमा: खरवडून काढायचा की जबड्याचा तुकडाच घ्यायचा?

निफाडचा द्राक्षवाला, वय 34, डाव्या जबड्याला दोन वर्षांपासून सूज, दुखत नाही म्हणून छाटणी उरकू दे मग बघू असं करत राहिला. नाशिकला ओपीजी काढला तर पहिल्या दाढेपासून वर रेमसपर्यंत काळे काळे कप्पे, मधे हाडाचे पातळ पडदे, अगदी साबणाच्या फेसासारखं, आणि दाढांची मुळं सुरीने कापल्यासारखी तुटलेली. आता असे कप्पे केराटोसिस्टमध्ये पण दिसतात, पण तो जबड्याच्या लांबीत पसरतो, हाड फारसं फुगवत नाही, इथे मात्र गालाकडचं आणि जिभेकडचं दोन्ही कॉर्टेक्स फुगलेलं होतं. तरी एक्स-रेवर डायग्नोसिस लिहायचं नाही, बायोप्सी हवीच. ती आली फॉलिक्युलर अमेलोब्लास्टोमा, म्हणजे दात घडवणाऱ्या पेशींचा ट्यूमर: कडेला उंच पेशींची रांग, त्यांची न्यूक्लियस बेसमेंट मेंब्रेनपासून लांब सरकलेली, आत सैल स्टेलेट रेटिक्युलम.

बायकोने विचारलं, "डॉक्टर, कॅन्सर नाही ना, मग जबडा कशाला कापायचा?" प्रश्न रास्त आहे.

क्युरेटाजमध्ये, म्हणजे खरवडून काढलं तर, ऑपरेशन छोटं, चेहरा तसाच राहतो, पेशंट लवकर घरी. पण ट्यूमर स्पंजी हाडाच्या मॅरोच्या जागांतून बोटं घालत जातो, एक्स-रेवर कड जिथे संपलेली दिसते त्याच्या बरेचदा 2 ते 8 मिमी पुढे, आणि तिथलं हाड अजून खाल्लेलं नसतं म्हणून ते फिल्मवर दिसतच नाही, क्युरेट तिथे पोचत नाही. म्हणून निम्म्याहून जास्त केसेस परत येतात. रिसेक्शनमध्ये एक्स-रेच्या कडेपासून 1 ते 1.5 सेमी चांगलं हाड सोबत घेतात, परत येण्याचं प्रमाण साधारण 15 टक्क्यांच्या आत. किंमत मोठी आहे: खालचा ओठ बधिर होऊ शकतो, पायाच्या फिब्युलाने जबडा भरायचा म्हणजे तासन् तास ऑपरेशन.

खालच्या कडेला निदान 1 सेमी निरोगी हाड उरत असेल तर मार्जिनल रिसेक्शन करून जबडा अखंड ठेवता येतो. याच्याकडे जेमतेम 4 मिमी होतं, म्हणून सेगमेंटल, म्हणजे जबड्याचा पूर्ण तुकडाच. माझं मत यात ठाम आहे, अशा कप्पेवाल्या कन्व्हेन्शनल प्रकाराला क्युरेटाज नकोच.

युनिसिस्टिक, म्हणजे एकाच पोकळीचा, असता तर गोष्ट वेगळी. ट्यूमर फक्त अस्तरात किंवा आतल्या पोकळीत वाढलेला असेल तर एन्युक्लिएशन चालतं, पण सिस्टच्या भिंतीत घुसला असेल तर त्याला कन्व्हेन्शनलसारखंच वागवतात. आणि हे छोट्या बायोप्सीत हुकतं, म्हणून सिस्ट हातात आली की भिंतीचे भरपूर सेक्शन घ्या.

मार्जिनचं पण बघा. कडक हाडाचं फ्रोझन सेक्शन होत नाही, डिकॅल्सिफिकेशनला दिवस लागतात, म्हणून पेशंट टेबलवर असतानाच कापलेल्या तुकड्याचा एक्स-रे काढून अंतर मोजतात, आणि कटच्या टोकाचं मॅरो खरवडून तेवढंच फ्रोझनला पाठवतात. या पेशंटचा समोरच्या बाजूचा कट ट्यूमरच्या कडेपासून 13 मिमीवर आला, मॅरो क्लिअर. फॉलोअप मात्र 10 वर्षांच्या पुढेही ठेवायचा, कारण हा उशिरा परत येतो.